ढाक बसते तिथं वेग मोडा: कुस्तीच्या व्हिडिओतला स्पीड रॅम्प

सांगली भागातल्या जत्रांच्या मैदानात कॅमेरा घेऊन उतरलेली नवी पोरं एडिटिंगमध्ये सगळ्यात आधी स्पीड रॅम्प, म्हणजे चालत्या क्लिपचा वेग मध्येच कमी करून पुन्हा वाढवणं, शिकतात. बहुतेक जण तो लावतात तो मात्र पाठ मातीला लागते तिथं. पैलवान हळूहळू खाली येतो, वर ‘धूम’ असा आवाज चिकटवलेला असतो. असलं काही एका वस्तादांना दाखवलं तर ते म्हणाले, “पडला ते सगळ्यांनी बघितलंय की. डाव कुठं बसला ते दाव.” या विषयावर मला याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

ढाक या डावाचंच बघू. हाताची पकड बसते, मारणारा कंबर आत घालतो, समोरच्याचे पाय मातीवरून सुटतात आणि मग पाठ लागते. पाय सुटतात त्या पाव सेकंदात कुस्ती संपलेली असते, पण गर्दीला ते अजून कळलेलं नसतं. वेग कमी करायचा तो इथं. पाठ लागते ती मात्र पूर्ण वेगातच लागली पाहिजे, कारण आदळण्याचा जोर वेगातूनच दिसतो. तीच हळू केली तर ऐंशी किलोचा गडी गादीवर अलगद टेकल्यासारखा वाटतो.

याची तयारी शूटिंगलाच करावी लागते. टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची असेल तर कुस्ती १०० फ्रेमवर घ्या. म्हणजे वेग २५ टक्क्यांपर्यंत खाली आणला तरी प्रत्येक फ्रेम खरी असते. १२० चा मोह टाळा. मोठ्या जोडीची कुस्ती बहुधा दिवे लागल्यावरच सुटते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १२० फ्रेमचा त्याच्याशी मेळ बसत नाही आणि आखाड्यावरचा उजेड फडफडतो. शटर १/१०० ठेवा. नेहमीच्या नियमाने १/२०० सांगतील, पण आपल्या क्लिपचा बराचसा भाग साध्या वेगात चालणार आहे. तिथं चारातली एकच फ्रेम दिसते, आणि शटर जितकं जलद तितकी हालचाल तुटक वाटते. १/१०० ने ती जरा पुसट होते आणि दिव्यांचा त्रासही वाचतो.

काही कॅमेरे स्लो मोशनची फाइल आधीच २५ फ्रेमची करून देतात. तसं असेल तर DaVinci Resolve मध्ये Clip Attributes मध्ये जाऊन फ्रेम रेट १०० करून घ्या, म्हणजे क्लिप खऱ्या वेगात चालेल. मग Retime Controls उघडून दोन स्पीड पॉइंट टाका: एक पाय सुटायच्या जरा आधी, दुसरा अंग हवेत आडवं झाल्यावर. मधला भाग २५ टक्के. तो पाव सेकंद आता एक सेकंदाचा झाला, आणि तेवढा पुरतो. Retime Curve मध्ये कोपरे गोल करा. खाली येणारा उतार पाचसहा फ्रेमचा, वर जाणारा तीनचार फ्रेमचा. पाठ लागायच्या दोन फ्रेम आधी वेग १०० टक्के झालेला हवा. एकेक फ्रेम पुढे सरकवून हे तपासा, नुसतं प्ले करून अंदाज येत नाही.

२५ टक्क्यांच्या खाली जाऊ नका. तिथं फ्रेम संपतात, आणि Optical Flow लावला की तो मधल्या फ्रेम स्वतः बनवू लागतो. एकटा धावणारा माणूस त्यात एखादवेळ खपून जाईल. कुस्तीत दोन अंगं एकमेकांत गुंतलेली, वर माती उडतेय. एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीत विरघळलेला दिसतो.

आवाज हा वेगळा उद्योग आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्लो मोशन मोडला आवाज येतच नाही, म्हणून हलगीवाल्यांपासून थोड्या अंतरावर रेकॉर्डर ठेवा. रॅम्पमुळे चित्र पाऊण सेकंदाहून थोडं जास्त लांबतं, आवाज तेवढा ताणायचा नाही. ताणलेली हलगी ऐकवत नाही. रॅम्पच्या जागी आवाज कापा, पाठ लागल्याचा ठोका चित्राच्या फ्रेमवर बसवा आणि मधली फट त्याच मैदानातल्या गर्दीच्या गलक्याने भरा. हलगीचा ठेका अशा वेळी तुटतो, म्हणून ती त्या सेकंदापुरती खाली उतरवा. हलगी वाजवणारा फ्रेममध्ये दिसत असेल तर मात्र दुसऱ्या कोनातली क्लिप घ्या, नाहीतर हात एकीकडे आणि आवाज भलतीकडे.

एका कुस्तीत असा रॅम्प एकदाच. सलामीला, शड्डूला, फेटा उडवायला नको. आणि काही डावांना तो लागतच नाही. घिस्सा मारताना जोर मातीवर, इंचाइंचाने चालतो. तिथं वेग कमी करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तशी कुस्ती न कापता, आहे त्या वेगात सोडा आणि पंच शिट्टी वाजवेपर्यंत कॅमेरा खांद्यावर धरा.