अर्थसंकल्प परिपत्रक आलं की या चुका टाळा

पावसाळा सरत आला की वित्त विभागाचं अर्थसंकल्प परिपत्रक येतं. सोबत विवरणपत्रांचे नमुने, खर्चाच्या कमाल मर्यादा आणि शेवटची तारीख. प्रशासकीय विभाग ते विभागप्रमुखांना धाडतो, तिथून ते नियंत्रक अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या लेखा शाखेत येऊन पडतं. मग कुणीतरी मागच्या वर्षीची एक्सेल फाइल उघडतो, वरचं वर्ष बदलतो आणि प्रत्येक आकड्यात दहा टक्के वाढवतो. पुढे जे त्रुटींचे मेल येतात, त्यांतल्या निम्म्यांचं मूळ याच सवयीत असतं.

हे सगळं महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना धरून लिहिलं आहे. इतर राज्यांत नावं बदलतील, चुका बहुधा याच असतील.

तारीख आपली नसते

परिपत्रकातली शेवटची तारीख साधारणपणे प्रशासकीय विभागाने वित्त विभागाकडे अंदाज द्यायची असते. जिल्हा कार्यालयाला ती आपलीच वाटते आणि काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. उलटं मोजा. समजा मंत्रालयाची तारीख ३१ ऑक्टोबर आहे. विभागाच्या अर्थसंकल्प कार्यासनाला सगळ्या विभागप्रमुखांचे आकडे एकत्र करायला किमान दहा दिवस लागतात. विभागप्रमुखाला आपल्या सर्व नियंत्रक अधिकाऱ्यांची छाननी करायला तेवढेच. म्हणजे जिल्ह्याचा आकडा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वर पोचायला हवा. तो पोचला नाही तर वरचं कार्यालय थांबत नाही, ते अंदाजाने आकडा भरून मोकळं होतं. तो आकडा मग वर्षभर तुमच्या बोकांडी बसतो.

हजारात की लाखात

विवरणपत्राच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रुपये हजारात' लिहिलेलं असतं. साडेबारा लाखांची मागणी तिथे १२५० अशी यायला हवी. एखादा लाखाच्या सवयीने १२.५० लिहितो, तेव्हा मागणी साडेबारा हजारांची होते. दुसरा पूर्ण रुपयांत १२५०००० लिहितो, ती थेट सव्वाशे कोटींची होते. मोठा आकडा कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतो आणि परत येतो. छोटा मात्र बिनबोभाट पुढे जातो आणि एप्रिलमध्ये बीम्सवर तरतूद पाहिल्यावरच कळतो. भरून झाल्यावर प्रत्येक ओळ मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाच्या स्तंभाशेजारी ठेवून पाहा. शंभरपट किंवा हजारपट फरक असेल तर एकक चुकलंय.

हा प्रत्यक्ष खर्चाचा स्तंभही आपल्या नोंदवहीतून उचलून भरू नका. महालेखाकार कार्यालयाशी खर्चमेळ झालेला आकडाच घ्या. चुकीच्या लेखाशीर्षाखाली पडलेलं एखादं देयक दुरुस्त न करता तसंच राहिलं, तर त्या शीर्षाचा 'प्रत्यक्ष खर्च' फुगलेला दिसतो आणि त्यावर बांधलेला अंदाजही फुगतो.

वेतनाचा अंदाज: खरा गोंधळ इथे

बहुतेक कार्यालयांत सगळ्यात मोठा आकडा ०१ वेतन या उद्दिष्ट शीर्षाचा असतो, आणि तोच सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो. 'साहेब, मागचंच आहे, दहा टक्के वाढवून दिलंय,' हे वाक्य मी ऐकलं नाही असं एकही वर्ष नाही.

पहिली गोष्ट, वर्ष कोणत्या महिन्यांचं? आपल्याकडे मार्चचं वेतन एप्रिलमध्ये अदा होतं. म्हणून आर्थिक वर्षाच्या खर्चात मार्च ते फेब्रुवारी हे बारा महिने येतात, एप्रिल ते मार्च नाहीत. जुलैच्या वेतनवाढीचा भार त्यामुळे जुलै ते फेब्रुवारी असा आठ महिन्यांचाच पडतो. जुलै ते मार्च धरून नऊ महिने मोजणारे बरेच असतात.

दुसरी गोष्ट रिक्त पदं. मंजूर पदांवर अंदाज बांधला की वर्षअखेरीस बचत समर्पित करायची वेळ येते, आणि तीच बचत पुढे विनियोजन लेख्यांत दिसते. परिपत्रकात रिक्त पदांबद्दल काय म्हटलंय ते शब्दशः वाचा. भरलेल्या पदांवरच तरतूद मागायला सांगितलं असेल, तर भरतीच्या आशेवर आकडा टाकू नका. नियुक्तीचे आदेश निघाले असतील तर त्यांची प्रत जोडा, तेवढ्याच पदांचा हिशेब वेगळा दाखवा.

आता एक उदाहरण, सोयीचे आकडे घेऊन. मंजूर पदं ३२, भरलेली २३. २३ जणांचं मार्चचं एकूण मूळ वेतन ९,००,००० रुपये. सगळ्यांची वेतनवाढ जुलैत, तीन टक्के. महागाई भत्ता परिपत्रकात दिला असेल तोच धरायचा, इथे ६० टक्के घेऊ. घरभाडे १० टक्के, इतर भत्ते महिन्याला ४०,०००.

मार्च ते जून चार महिने ९ लाखांनी ३६,००,००० होतात. जुलै ते फेब्रुवारी आठ महिने ९,२७,००० ने ७४,१६,०००. मूळ वेतन एकूण १,१०,१६,०००. त्यावर महागाई भत्ता ६६,०९,६००, घरभाडे ११,०१,६००, इतर भत्ते ४,८०,०००. बेरीज १,९२,०७,२००.

पण यांतला एकजण ऑक्टोबरअखेर निवृत्त होतो. वेतनवाढीनंतर त्याचं मूळ वेतन ६१,८००, इतर भत्ते २,०००. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार महिने वजा करायचे: मूळ २,४७,२००, महागाई भत्ता १,४८,३२०, घरभाडे २४,७२०, इतर ८,०००, मिळून ४,२८,२४०. उरतात १,८७,७८,९६०. विवरणपत्रात लिहायचे १८७७९.

याच कार्यालयाने चालू वर्षाच्या २ कोटी १० लाखांच्या मूळ अंदाजात दहा टक्के वाढवून मागणी केली असती, तर आकडा २ कोटी ३१ लाख झाला असता. सुमारे ४३ लाख जास्त. हे पकडायला वित्त विभागाला फार डोकं लावावं लागत नाही. अंदाजाला बाराने भागायचं आणि सेवार्थमधल्या ताज्या वेतन देयकाशेजारी ठेवायचं. आपला १८७७९ भागिले बारा म्हणजे महिना सुमारे १५ लाख ६५ हजार. मार्चचं अपेक्षित देयक १५ लाख ७० हजार. वेतनवाढीने जे वाढलं ते निवृत्तीने जवळपास फिटलं, म्हणून दोन्ही आकडे जुळतात. दहा टक्केवाल्यांचा महिना मात्र सव्वाएकोणीस लाखांचा निघतो. ही पडताळणी फाइल पाठवण्याआधी स्वतःच करा, दोन मिनिटं लागतात. फरक राहिला तर त्याचं कारण शेऱ्यात लिहा: थकबाकी, पदोन्नती, नव्याने रुजू झालेले. कारण लिहिलेला फरक सहसा अडत नाही.

चालू वर्षाच्या सुधारित अंदाजातही असाच सापळा आहे. आठ महिन्यांचा खर्च घेऊन दीडपट केला की काम झालं, असं वाटतं. त्या आठ महिन्यांत महागाई भत्त्याची थकबाकी एकदा अदा झाली असेल तर ती दीडपटीत पुन्हा मोजली जाते. झालेला खर्च जसाच्या तसा घ्या आणि उरलेल्या चार महिन्यांचं वेतन वर दाखवल्यासारखं माणसं मोजून काढा.

मर्यादा म्हणजे मागणी नव्हे

कमाल मर्यादेबाबत दोन टोकं दिसतात. काहीजण मर्यादा हाच अंदाज समजून शेवटच्या रुपयापर्यंत भरतात, गरज असो वा नसो. काहीजण मर्यादा न बघता गरज लिहितात, आणि अख्खं विवरणपत्र परत येतं.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. मर्यादेत बसवण्यासाठी वेतनात कपात करायची आणि कार्यालयीन खर्च, संगणक खर्च शाबूत ठेवायचे. हिशेब असा की वेतन काही थांबणार नाही, पुरवणी मागणीत मिळेलच. पण जानेवारीत वेतनाची तरतूद संपली की देयक कोषागारात अडतं आणि पुनर्विनियोजनाची धावपळ सुरू होते. वीज, पाणी, दूरध्वनीची देयकं, इमारतीचं भाडं, कंत्राटी सेवेचे चालू करार, हे टाळता न येणारे खर्च आधी भरा. उरलेल्यात बाकीचं बसवा. खरंच बसत नसेल तर मर्यादेतला आकडा मुख्य स्तंभात आणि जादा गरज वेगळ्या टिपणात, कराराची किंवा देयकाची प्रत लावून. मुख्य स्तंभात मर्यादा ओलांडणं हा गरज दाखवायचा मार्ग नाही.

कोणती मर्यादा कुणाची, हेही एकदा पाहून घ्या. अनिवार्य खर्च आणि कार्यक्रमावरील खर्च वेगळे असतात, आणि कार्यक्रमाच्या नियतव्ययात नियोजन विभागाचा शब्द लागतो. एकातली कमी दुसऱ्यातून भरून काढलेली विवरणपत्रं पहिल्याच छाननीत बाद होतात.

दोन शीर्षं, जी हमखास चुकतात

न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे द्यायची रक्कम, उदाहरणार्थ भूसंपादनाचा वाढीव मोबदला, राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२(३) नुसार भारित खर्चात मोडते. ती दत्तमत ओळीत मागितली तर ऐन वेळी पैसे असूनही देता येत नाहीत, कारण दत्तमतातून भारितात पुनर्विनियोजन होत नाही. अंदाज भरण्याआधी विधी शाखेकडून प्रलंबित निकालांची यादी घ्या.

दुसरं, नवीन बाब. नवी योजना किंवा नवं कार्यालय जुन्या लेखाशीर्षाच्या 'इतर खर्च' या ओळीत दडपून टाकण्याचा मोह होतो. नवीन बाबीचा प्रस्ताव स्वतंत्र जातो, त्याला वेगळी मान्यता लागते. दडपलेली रक्कम छाननीत कापली जाते, आणि तिच्यासोबत त्या ओळीतला खरा खर्चही कापला जाण्याचा धोका असतो.

पाठवल्यानंतर

बीम्सवर भरलेला आकडा आणि सहीची प्रत यांत फरक असणं, ही दरवर्षीची तक्रार. साहेबांनी शेवटच्या क्षणी पेनाने आकडा सुधारला आणि संगणकावर तो बदलला नाही, एवढंच घडलेलं असतं. सही झाल्यावर प्रणालीतून पुन्हा प्रिंट काढा आणि तीच प्रत पाठवा.

त्रुटीचा मेल आला तर फक्त विचारलेली ओळ दुरुस्त करून थांबू नका. वेतनाचा आकडा बदलला की पदनिहाय विवरणपत्र, एकूण बेरीज आणि गोषवारा हे तिन्ही बदलतात. मेलमध्ये विचारलं नसलं तरी ते जुळवूनच पाठवा, नाहीतर दुसरा मेल ठरलेला. आणि विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर केल्यावर चूक सापडली, तर नवं विवरणपत्र पाठवून उपयोग नाही. एका शीर्षात खरी बचत असेल तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव द्या, नसेल तर पुढच्या अधिवेशनातल्या पुरवणी मागणीसाठी टिपण तयार ठेवा, ज्यात मूळ अंदाजात ही रक्कम का आली नाही हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असेल. वित्त विभागाचा पहिला प्रश्न तोच असतो.