उताऱ्यातला लेखकाचा सूर: या चुका टाळा

'लेखकाचा दृष्टिकोन कोणता?' या प्रश्नात मुलं बहुतेक वेळा एकाच जागी घसरतात. मजकूर दुःखद असला की उत्तर 'नाराजी', यशाचा असला की 'कौतुक'. दादर-परळकडच्या मुलांना तर मी मुद्दाम गिरणी संपाचा उतारा देतो, कारण तिथे घरातल्या आठवणी मध्ये येतात. हा वाचा:

'18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी झाले. डॉ. दत्ता सामंत यांनी संपाचे नेतृत्व केले. पुढील काळात अनेक गिरण्या बंद पडल्या. काही गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि कार्यालये उभी राहिली.'

पर्याय चार: टीकात्मक, सहानुभूतीपूर्ण, उदासीन, वस्तुनिष्ठ. वर्गातले निम्मे हात पहिल्या दोनांवर वर जातात. 'सर, एवढ्या लोकांची रोजीरोटी गेली, मग लेखकाला वाईट वाटणारच ना?' वाटलं असेलही. पण त्याने ते इथे लिहिलेलं नाही, आणि प्रश्न लिहिलेल्याबद्दल आहे. वाईट वाटलं ते तुम्हाला.

तपासायची रीत सोपी आहे. पेन्सिल घ्या आणि जे शब्द काढले तरी घटना तीच राहते, ते खोडत जा. वरच्या उताऱ्यात खोडण्याजोगं काही सापडत नाही. तारीख, आकडा, नाव, परिणाम, सगळी नुसती माहिती. उत्तर वस्तुनिष्ठ.

आता शेवटचं वाक्य बदलू: 'आणि कामगारांच्या घामावर उभ्या राहिलेल्या त्या जागेवर अखेर चकचकीत मॉल उगवले, याला म्हणे विकास म्हणायचे.' 'घामावर', 'अखेर', 'चकचकीत', 'उगवले', 'म्हणे'. एवढं खोडलं आणि 'उगवले'च्या जागी 'उभे राहिले' घातलं तरी मॉल झाले ही माहिती शाबूत राहते. जे गळून पडलं ती लेखकाची नापसंती. त्यातही 'म्हणे'वर बोट ठेवा. या दोन अक्षरांनी लेखक विकासाच्या दाव्यापासून अंग काढून घेतो आणि सूर उपरोधाकडे झुकतो.

कौतुकालाही हीच पेन्सिल चालते. 'कामगार संपावर ठाम राहिले' हे जवळजवळ वर्णनच. 'चिवटपणे झुंजत राहिले' म्हटलं की लेखक त्यांच्या बाजूला सरकला, आणि 'हट्टाला पेटले' म्हटलं की विरुद्ध बाजूला. संप मागे न घेणं तिन्हींत तेच आहे.

दुसरी चूक म्हणजे उताऱ्यातल्या माणसाचं मत लेखकाच्या खात्यावर टाकणं. 'कामगारांच्या मते हा उघड अन्याय होता, तर मालकांच्या मते गिरण्या चालवणे परवडत नव्हते.' इथे 'उघड अन्याय' हे शब्द कितीही धारदार असले तरी ते कामगारांचे आहेत. लेखकाने दोघांनाही 'मते' हाच शब्द दिला, म्हणून तो मध्ये उभा आहे. त्याऐवजी 'मालकांनी कांगावा केला' असं लिहिलं असतं, तर निवाडा त्या क्रियापदातच झाला असता. म्हणून मत कोणाचं ते आधी बघा, मग लेखकाने ते कोणत्या क्रियापदाने सांगितलं ते बघा.

आता जिथे पेन्सिल चालत नाही ती जागा. 'ज्या आवारात वडील साच्यावर काम करत, त्याच आवारातल्या मॉलच्या दारावर आज मुलगा सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो.' एकही रंगीत शब्द नाही, खोडायला काही नाही, तरी वाक्य टोचतं. इथे मत शब्दांत नसून जोडणीत आहे. अशा वेळी स्वतःला विचारा: विषय समजावायला ही दोन चित्रं शेजारी ठेवणं गरजेचं होतं का? उतारा कामगारांच्या पुढच्या पिढीच्या नोकऱ्यांबद्दल असेल आणि इतर मुलांची उदाहरणंही दिली असतील, तर ते एक निरीक्षण. मॉलच्या वर्णनात हे एकच वाक्य मध्येच आलं असेल, तर ती टीका. मात्र एकाच वाक्यावरून सगळ्या उताऱ्याचा सूर ठरवू नका. आधी किंवा नंतर त्याला दुजोरा देणारी आणखी एक जागा शोधा. नाहीच सापडली, तर सौम्य पर्यायाकडे झुका.

पर्यायांचं वजन हा शेवटचा खड्डा. नापसंती बरोबर ओळखूनही मुलं 'तिरस्कारपूर्ण'वर खूण करतात. त्यासाठी उताऱ्यात शिवीच्या जवळ जाणारं काहीतरी हवं, आणि परीक्षेतल्या उताऱ्यात ते क्वचित असतं. तसंच 'उदासीन' आणि 'वस्तुनिष्ठ' यांत गल्लत होते. उदासीन लेखकाला विषयाचं सोयरसुतक नसतं. ज्याने संपाची तारीख, कामगारांची संख्या आणि जागांचं पुढे काय झालं हे नीट मांडलं, त्याने मत दिलेलं नाही, पण विषयाकडे पाठही फिरवलेली नाही.