तीस सेकंदांची डब्याची पिशवी

धारावीतील एका लहान शिवणकाम कारखान्यासाठी ऑनलाइन विक्रीच्या व्हिडिओंची संहिता लिहिण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा पहिली वस्तू होती ऑफिसला डबा नेण्याची सुती पिशवी. मी लिहिलेली पहिली संहिता ऐकायला गोड होती आणि विक्रीच्या दृष्टीने निकामी होती. पिशवी 'प्रशस्त', 'दर्जेदार' आणि 'रोजच्या वापरासाठी उत्तम' असल्याचे तिच्यात सांगितले होते. माझा डबा तिच्यात मावेल का, एवढेच सांगितले नव्हते. शिवाय चित्रीकरणात पिशवीत ठेवलेला स्टीलचा डबा सोबत मिळणार, अशी काही ग्राहकांची समजूत झाली आणि तो न मिळाल्याने पिशव्या परत आल्या. चूक ग्राहकांची नव्हती.

त्यानंतर मी संहितेची सुरुवात लिहिण्याने नव्हे, तर वाचण्याने करू लागलो. ग्राहकांनी विचारलेले प्रश्न, माल परत करताना दिलेली कारणे आणि एक-दोन तारे देणारे अभिप्राय मी वहीत उतरवून काढले. शब्द वेगवेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी तीनच शंका होत्या: किती मोठी, कशाची, आणि धुवायची कशी. नवशिक्याने ग्राहकांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत, कारण 'क्षमता किती' असे कोणी विचारत नाही. 'तीन खणांचा डबा बसेल का' असे विचारतात, आणि उत्तरही त्याच भाषेत द्यावे लागते.

मापाच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते. मोबाइलच्या वाइड लेन्सने जवळून चित्रीकरण केले की पुढची बाजू फुगते आणि पिशवी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. म्हणून साधी लेन्स ठेवून दोन पावले मागून चित्रीकरण करावे आणि पिशवीशेजारी घरोघरी असणारी वस्तू ठेवावी. आकडे सांगितलेच पाहिजेत, पण डोळ्यांना पटतो तो डबा. आमच्या पिशवीत आणखी एक मेख होती: न धुतलेले सुती कॅनव्हास पहिल्या धुण्यात आटते. आमची पिशवी उंचीला २८ सेंटिमीटर होती, ती धुतल्यावर २७ भरली, आणि उंच डबा ठेवल्यावर पिशवीची चेन लागेना. तेव्हापासून मी धुतलेल्या नमुन्याचेच माप देतो.

कापडाविषयी कारखानदारांचा आग्रह 'वॉटरप्रूफ' या शब्दासाठी होता. त्यांच्यासमोर मी पिशवीत अर्धा पेला पाणी ओतले; अस्तरातून थेंबही आला नाही, पण दहा मिनिटांत तळाची शिवण ओली झाली, कारण सुईने पाडलेली छिद्रे अस्तर झाकू शकत नाही. शब्द गेला आणि त्याच्या जागी जे डोळ्यांनी दिसले तेच वाक्य आले.

मोठ्याने, सावकाश वाचल्यास मी सेकंदाला साधारण दोन शब्द बोलतो. आकडे आणि जोडशब्द त्याहून अधिक वेळ खातात. म्हणून तीस सेकंदांसाठी पन्नासच्या आसपास शब्द ही माझी मर्यादा आहे. शेवटी ठरलेली संहिता अशी होती:

'तीन खणांचा डबा आणि अर्ध्या लिटरची बाटली या पिशवीत शेजारी-शेजारी मावतात. उंची २७ सेंटिमीटर, रुंदी २३, तळ १४. मापे एकदा धुतल्यानंतरची आहेत. बाहेर जाड सुती कॅनव्हास, आत पॉलिएस्टरचे अस्तर. सांडलेली आमटी पुसता येते, पण शिवणीतून पाणी झिरपते. थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. फक्त पिशवी मिळेल; डबा आणि बाटली आपली.'

पहिल्या तीन सेकंदांत दुकानाचे नाव येत नाही. डबा पिशवीत उतरताना दिसतो, कारण ग्राहक थांबतो तो तेथेच. आमटीच्या वाक्याला खरीच आमटी सांडून फडक्याने पुसली. लोकलमध्ये कित्येक जण आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात, म्हणून मापे आणि 'फक्त पिशवी' ही अक्षरे पडद्यावर किमान तीन सेकंद राहतात. तीही मध्यभागाच्या थोडी वर, कारण खालच्या भागावर खरेदीची बटणे येतात. आवाज बंद करून व्हिडिओ घरातील एखाद्या व्यक्तीला दाखवावा आणि उंची किती, सोबत काय मिळते, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर अडखळले तर दुरुस्ती तेथे हवी.

नव्या व्हिडिओनंतर डब्याविषयीची विचारणा थांबली, आणि वहीत नवा प्रश्न आला: पिशवी खांद्याला अडकवता येते का? पिशवीचे बंद लहान होते. ती हातातच धरावी लागत असे. त्या एका वाक्यासाठी जागा करताना मी 'सावलीत वाळवा' काढून ते पडद्यावरील अक्षरांत टाकले.