केलेलं काम दाखवायचंय, पण स्वतःची जाहिरात नको वाटते?

ठिबक दुरुस्ती करणाऱ्यांची कामं स्टेटसवर २४ तासांत पुसली जातात, आणि 'मी उत्तम काम करतो' असं लिहायला जीभ रेटत नाही. त्यावर सोपा उपाय: गूगलच्या ब्लॉगर या साइटवर फुकट पान उघडा आणि 'मी' न लिहिता फक्त कामाची नोंद ठेवा.

१. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर त्याच जागेवरून फोटो घ्या. आधीचा फोटो राहून गेला, तर नोंदीला अर्थ उरत नाही.

२. अडचण, केलेलं काम, मोजमाप, एवढंच लिहा. उदाहरणार्थ: "काटोल तालुका, संत्र्याची बाग. शेवटच्या झाडांना पाणी कमी. फिल्टरची जाळी धुतली, नळ्यांची टोकं उघडून गाळ काढला. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली ५ मिनिटं मापपात्र ठेवलं: आधी १५० मिली, नंतर ३२०." पूर्ण क्षमतेला ३३३ मिली यायला हवं, त्यामुळे वाचणाऱ्या शेतकऱ्याला फरक आपोआप कळतो. आकडा कमी आला तरी खराच लिहा.

३. कुणी कामाचं विचारलं की त्याच्या पिकाच्या नोंदीची लिंक पाठवा.

मालकाला विचारल्याशिवाय फोटो टाकू नका. नाव, गट नंबर लिहूच नका.