फायनान्स लीजवरच्या टेम्पोची नोंद

बेळगावात सीए कार्यालयात आर्टिकलशिप करताना उद्यमबागेतल्या फाउंड्रींची आणि निपाणी-खानापूरकडच्या व्यापाऱ्यांची पुस्तके हाताखालून जातात, आणि लीजवर घेतलेल्या वाहनाचा संपूर्ण हप्ता ‘भाडे’ या खात्यात टाकलेला त्यांत हमखास आढळतो. लीजविषयीचे लेखा मानक १९, म्हणजे एएस १९, लागू असलेल्या कंपनीत, मालकीची जोखीम आणि लाभ भाडेकरूकडे आले असतील, म्हणजे ती फायनान्स लीज असेल, तर ही नोंद चुकीची ठरते.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत. एका फाउंड्रीने १ एप्रिलला मालवाहू टेम्पो ४ वर्षांच्या लीजवर घेतला. दरवर्षी ३१ मार्चला ३,००,००० रुपये द्यायचे आणि शेवटच्या हप्त्यानंतर वाहन तिच्याच मालकीचे होणार, असा करार आहे. लीज देणाऱ्याचा अंतर्भूत व्याजदर समजत नसल्याने फाउंड्रीला ज्या दराने कर्ज मिळाले असते तो १० टक्के दर धरला, तेव्हा चारही हप्त्यांचे आजचे मूल्य ९,५०,९६० रुपये आले. टेम्पोचे वाजवी मूल्य ९,७५,००० आहे. दोहोंतली कमी रक्कम घ्यायची असल्याने पहिल्याच दिवशी वाहन खाते ९,५०,९६० ने नावे आणि लीज देणे खाते तितक्याच रकमेने जमा होते. १२,००,००० ची बेरीज इथे कुठेच येत नाही, कारण त्यातले २,४९,०४० रुपये हे पुढे पिकणारे व्याज आहे.

वर्षअखेरीस ९,५०,९६० वर १० टक्के, म्हणजे ९५,०९६ रुपये व्याजखर्च होतो आणि हप्त्यातले उरलेले २,०४,९०४ रुपये मुद्दलात वळते होतात. देणे ७,४६,०५६ वर येते. दुसऱ्या वर्षाचे व्याज या शिलकीवर निघते, म्हणून ते ७४,६०६ इतकेच भरते. एकूण व्याजाला चाराने भागून दरवर्षी ६२,२६० टाकणे सोपे वाटते खरे, पण मग पहिल्या वर्षाचा नफा फुगतो. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा असेल, तर पहिल्या हप्त्यात व्याज अजिबात नसते, आणि आजचे मूल्यही नव्याने काढावे लागते. म्हणून करारातली तारीख आधी वाचावी.

ताळेबंदात सर्वांत जास्त गफलत चालू देण्याची होते. ७,४६,०५६ पैकी पुढच्या वर्षात फिटणारे मुद्दल २,२५,३९४ आहे, तेवढेच चालू देणे. संपूर्ण ३,००,००० तिथे लिहिले तर अजून न पिकलेले व्याजही देणे म्हणून दिसते.

घसारा या हप्त्यांपासून स्वतंत्र आहे. मालकी मिळणार हे निश्चित असल्याने लीजची ४ वर्षे न धरता वाहनाचे ८ वर्षांचे उपयुक्त आयुष्य धरले, आणि अवशिष्ट मूल्य शून्य मानले, तर सरळ रेषेने वर्षाला १,१८,८७० रुपये घसारा पडतो. मालकीची खात्री नसती, तर दोहोंतला कमी काळ घ्यावा लागला असता. शेवटचा हप्ता पोस्ट झाल्यावर लीज देणे खात्यावर शिल्लक उरली, तर एक-दोन रुपये पूर्णांकनाचे समजावेत. त्याहून मोठा फरक असेल, तर बहुधा एखाद्या वर्षाचे व्याज मूळ रकमेवरच काढलेले असते.