शाळेच्या अंकासाठी फॉन्टची जोडी: आधी ल आणि श बघा

वार्षिक अंकाची जुळणी सुरू व्हायच्या आधी काय काय हाताशी हवं, ते लिहून ठेवते आहे. मागच्या अंकात मथळ्यातला ल एका वळणाचा आणि त्याच्या खालच्या मजकुरातला ल दुसऱ्याच वळणाचा छापला गेला. एकदा ते नजरेत आलं की पानोपानी तेच दिसतं. यंदा असं होता कामा नये.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये हवा, हे सांगायलाही नको. तरी कुणीतरी श्रीलिपीत टाइप केलेली फाइल पाठवतंच. ती रूपांतर करून घ्या आणि रूपांतरानंतर एकदा पूर्ण वाचा.

आता जोडी. मथळ्याला एक फॉन्ट, मजकुराला एक, तिसरा नाही. दोन्ही एकमेकांपासून स्पष्ट वेगळे हवेत. दोन साधारण सारखे फॉन्ट शेजारी आले की वाचणाऱ्याला ती निवड वाटत नाही, चूक वाटते. मी मजकुरासाठी `Tiro Devanagari Marathi` घेतला आहे. त्याच्या रेषा जाड-बारीक होत जातात, जुन्या शिशाच्या छपाईची आठवण करून देणाऱ्या, आणि लांब लेख वाचताना डोळा थकत नाही. मथळ्यांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा `Mukta`, त्यातलं `ExtraBold` वजन. त्याची रेषा जवळपास सारख्या जाडीची आहे, त्यामुळे पानावर मथळा कुठला आणि मजकूर कुठला ते लांबूनही कळतं. दोन्ही मोफत आहेत आणि मुक्त परवान्याचे आहेत, म्हणजे छापखान्याला फाइलसोबत फॉन्टही देता येतात.

टिरोमध्ये बोल्ड नाही, फक्त साधा आणि तिरका. बोल्डचं बटण दाबलं तर काही सॉफ्टवेअर साध्याच अक्षराला कडेने जाड करतं. मग ष, क्ष, द्ध यांच्या आतली पोकळी बुजते आणि लहान आकारात ती काळा ठिपका होते. मजकुरात ठळक शब्द लागलाच तर तो मुक्तमध्ये घ्या, पण लागू देऊ नका.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे. देवनागरीत ल दोन प्रकारे काढतात. मराठीत पाकळीचा ल, ज्यात दोन पाकळ्या मधोमध जुळतात आणि उजवीकडे उभी दांडी नसते. हिंदीत दांडीचा. श चंही तसंच: आपला देठाचा, हिंदीतला गाठीचा. शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं आहेत, आणि पहिलीतली मुलं तीच गिरवतात. टिरो मराठीत ती आपोआप येतात. मुक्तमध्ये भाषा न सांगता टाइप केलं की दांडीचा ल येतो. म्हणजे मथळा ‘आमची शाळा, आमचा लळा’ असा असेल तर त्यातला ल आणि श एका घरचे आणि खालच्या लेखातले दुसऱ्या घरचे. मुद्रितशोधनात हे सापडत नाही, कारण शुद्धलेखन बरोबरच असतं. तपासणारा शब्द वाचतो, अक्षराचं वळण बघत नाही. म्हणून वळण बघायला वेगळी फेरी ठेवा. फक्त ल आणि श. दुसरं काही नाही.

उपाय असा. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की मराठी रूप उमटतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, मग मथळ्याच्या स्टाइलमध्येच भाषा मराठी करा. लिबरऑफिसमध्ये कॅरेक्टरच्या खिडकीत भारतीय लिप्यांसाठी भाषेची वेगळी जागा असते, तिथे मराठी. हे स्टाइलमध्येच करा, एकेका मथळ्यावर नको, नाहीतर शेवटच्या रात्री घातलेला मथळा सुटतोच. आणि भाषा बदलली म्हणजे काम झालं असं समजू नका, ‘शिल्लक’ हा शब्द टाइप करून बघा. त्यात श आहे, जोडाक्षरातला अर्धा ल आहे आणि पूर्ण ल आहे. कधी कधी सुटा ल बदलतो आणि ल्ल तसाच राहतो. मग ‘कल्पना’, ‘विश्व’, ‘श्लोक’. यातलं एकही दांडीचं किंवा गाठीचं राहिलं तर मथळ्याचा फॉन्ट बदला, मजकुराचा नाही. मथळे शे-दीडशे असतात, मजकूर सगळा अंकभर.

हिंदी विभागात उलटं. तिथे दांडीचा ल हवाच, आणि त्यासाठी टिरोचाच हिंदी भाऊ आहे, `Tiro Devanagari Hindi`. घडण तीच, रूपं हिंदीची, त्यामुळे विभाग बदलला तरी अंक एकच वाटतो. तिथल्या मथळ्याची भाषा मात्र आठवणीने हिंदी करा. इंग्रजी विभागाला वेगळा फॉन्ट शोधू नका; टिरो आणि मुक्त दोन्हींत रोमन अक्षरं आहेत.

नमुन्याचं पान बनवा. मजकूर १२ पॉइंट, ओळीची उंची १७ किंवा १८. मथळा २६ पॉइंट, दोन ओळींचा, उंची ३५ च्या आसपास. वरच्या ओळीत ‘पूर्व’, ‘कृतज्ञता’ असं खाली लोंबणारं आणि बरोबर त्याखाली ‘विद्यार्थ्यांची’ असं वर चढणारं घ्या. उकार आणि रफार एकमेकांना टेकले तर उंची वाढवा. अक्षरांमधलं अंतर वाढवून मथळा ताणू नका, शिरोरेषा तुटते. मथळ्याच्या फॉन्टमध्ये ‘वाऱ्यावर’ आणि ‘ॲप’ हेही टाइप करा. जुन्या फॉन्टांत ॲ नसतो आणि तिथे चौकोन किंवा भलताच फॉन्ट येतो. पान खऱ्या आकारात छापा, पानात बसवायचा पर्याय बंद ठेवून, आणि हातात धरून वाचा. पडद्यावर सगळंच छान दिसतं. त्या पानावर ल आणि श ला पेन्सिलीने गोल करा, मथळ्यातला आणि मजकुरातला, आणि शेजारी शेजारी बघा.

चित्रओळी, लेखकाचं नाव आणि इयत्ता, पानाच्या वरची पट्टी: यांना त्याच दोन फॉन्टांतून वाटून द्या, स्टाइल बनवा, संपलं. यांतही ल असतो.

छापखान्यात पीडीएफच द्या. फाइलच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी उघडा. प्रत्येकासमोर `Embedded` किंवा `Embedded Subset` हवं, आणि यादीत आपले सोडून दुसरं नाव दिसलं तर ते कुठल्या पानावर आहे ते शोधा. डीटीपीवाल्याने फाइल त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा जुळवली असेल तर भाषेची सेटिंग गेली असं धरून चाला. प्रूफ आलं की ल आणि श. कव्हरवर ‘शालेय वार्षिक’ छापलेलं असतं, तिथलाही. जाहिरातींची पानं जशी आली तशी जाऊ द्या.