या चुका टाळा: व्यवस्थापन प्रवेशाच्या मुलाखतीतले दावे दुसऱ्या प्रश्नाला का कोसळतात

व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या प्रवेश मुलाखतीची तयारी करणारे बहुतेक उमेदवार संभाव्य प्रश्नांची यादी मिळवतात, प्रत्येकाचे उत्तर लिहून काढतात आणि ते ओघवते होईपर्यंत म्हणून पाहतात. या तयारीमुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले जाते. मात्र मुलाखत मंडळाचे खरे मूल्यमापन बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते, कारण तो प्रश्न कोणत्याही यादीतून आलेला नसतो. उमेदवाराने नुकत्याच उच्चारलेल्या वाक्यातूनच तो निघतो. उमेदवाराने स्वतः केलेल्या कामाचा विचार किती खोलवर केला आहे, आकड्यांमागचे वास्तव त्याला ठाऊक आहे का आणि विधान चुकीचे ठरल्यावर तो काय करतो, हे मंडळाला या उपप्रश्नांतून कळते.

म्हणून तयारीचा मूळ दस्तऐवज प्रश्नसंच नसून स्वतःचा अर्ज आहे. मंडळासमोर नेमके काय असेल, हे आधी माहीत करून घ्यावे. हार्वर्ड बिझनेस स्कूलची मुलाखत ३० मिनिटांची असते आणि मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीने संपूर्ण अर्ज आधी वाचलेला असतो. काही संस्थांमध्ये मात्र मुलाखतकाराच्या हातात केवळ बायोडेटा असतो. पहिल्या प्रकारात निबंधातली गोष्ट पुन्हा सांगत बसल्यास वेळ वाया जातो, तर दुसऱ्या प्रकारात ती गोष्ट मंडळाला माहीत आहे असे गृहीत धरल्यास उत्तर अर्धवट राहते.

पडताळून न पाहिलेला आकडा

सर्वाधिक नुकसान करणारी चूक बायोडेटातल्या एखाद्या भारदस्त ओळीत दडलेली असते. समजा, एका वितरण कंपनीत काम करणाऱ्या उमेदवाराने लिहिले आहे, ‘गोदामातून उशिरा रवाना होणाऱ्या मागण्या ४० टक्क्यांनी कमी केल्या.’ ओळ खोटी नाही. आधी महिन्याला ५०० मागण्यांपैकी ५० उशिरा जात होत्या आणि बदलानंतर ही संख्या ३० झाली. पन्नासाच्या तीस झाल्या, म्हणजे घट ४० टक्के.

आता मंडळातील सदस्य विचारतो, “त्या काळात एकूण मागण्या किती होत्या?” उमेदवार आठवून सांगतो की हंगाम मंद असल्यामुळे मागण्या ४५० वर आल्या होत्या. म्हणजे उशीर होण्याचे प्रमाण आधी १० टक्के होते आणि नंतर ४५० पैकी ३०, म्हणजे सुमारे ६.७ टक्के झाले. प्रमाणातील घट ४० टक्के नसून साधारण एक तृतीयांश आहे. शिवाय काम कमी झाले की उशीरही काही अंशी आपोआप घटतो. त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय नव्या पद्धतीला देता येत नाही.

या क्षणी उमेदवारापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग ४० टक्क्यांच्या आकड्याला चिकटून राहण्याचा, आणि तो आत्मविश्वासाचा भासत असल्यामुळे अनेक जण तोच निवडतात. दुसरा मार्ग असा: “मी उशिरा गेलेल्या मागण्यांची संख्या मोजली होती. प्रमाण काढले तर घट सुमारे एक तृतीयांश होते, आणि त्यातला काही भाग मंद हंगामाचाही असू शकतो. बदलाचा परिणाम वेगळा काढायचा असेल, तर मागील वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी लागेल.” या उत्तरामुळे आकडा लहान होतो, परंतु मंडळाला जे पाहायचे होते ते दिसते. व्यवस्थापनाच्या वर्गात रोज करावा लागणारा विचार नेमका हाच असतो.

चौकशी इथेच थांबत नाही. पुढचा प्रश्न बहुधा वैयक्तिक वाट्याचा असतो. ‘आम्ही केले’ असे सतत म्हणणाऱ्या उमेदवाराचा स्वतःचा वाटा कळत नाही आणि ‘मी केले’ असेच म्हणणाऱ्याच्या गोष्टीत इतर माणसे दिसत नाहीत. आपल्या उदाहरणातील उमेदवाराने सांगावे की चार जणांच्या गटात नोंदी तपासण्याचे काम त्याचे होते. दुपारनंतर आलेल्या लहान मागण्या पर्यवेक्षकाच्या सहीसाठी अडकून पडतात, हे त्याला त्या नोंदींमध्ये आढळले. आणि ठरावीक मर्यादेखालील मागण्यांना सहीची अट नको, हा प्रस्ताव त्याने मांडला. त्यानंतर मंडळ विचारील, “या प्रस्तावाला विरोध कोणी केला?” माझ्या मते संपूर्ण मुलाखतीतला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. ‘कोणीच नाही’ हे उत्तर सहसा खरे नसते. पर्यवेक्षकाला चुकीचा माल जाण्याची भीती वाटत होती, आणि पहिल्या महिन्यात चुकीच्या रवानग्या खरोखरच ५ वरून ८ वर गेल्या, म्हणून मर्यादा खाली आणावी लागली, असे सांगणारा उमेदवार विरोधकाची बाजूही समजून घेऊ शकतो, हे आणखी काही न विचारता सिद्ध होते.

हा दोष आपल्या तयारीत आहे का, हे घरीच तपासता येते. अर्जातील प्रत्येक दाव्यापुढे पाच गोष्टी लिहाव्यात: किती पैकी किती, कोणत्या काळात, त्याच वेळी आणखी काय बदलले, माझा नेमका वाटा कोणता, आणि कोणाचे मत वेगळे होते. ज्या ओळीपुढे तीन रकाने रिकामे राहतात, ती ओळ धोक्याची समजावी. अर्ज आधीच सादर झाला असल्यास ती बदलता येणार नाही, परंतु जुन्या नोंदी किंवा सहकारी यांच्याकडून माहिती मिळवून रकाने भरता येतात. सराव मुलाखत शक्यतो त्या कामाची माहिती असलेल्या व्यक्तीसमोर द्यावी. मित्र उत्तराच्या शैलीवर अभिप्राय देतात, तर सहकारी ‘असे झाले नव्हते’ असे म्हणू शकतो.

उत्तराची रचना प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम अशा क्रमाने करण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. ती वापरताना होणारी चूक म्हणजे कंपनी, विभाग आणि पार्श्वभूमी यांच्या वर्णनातच बहुतेक वेळ संपवणे. उत्तर ध्वनिमुद्रित करून ऐकावे आणि ‘मी’ हा कर्ता असलेले पहिले कृतीचे वाक्य किती वेळाने येते, ते पाहावे. दोन मिनिटांच्या उत्तरात ते अर्ध्या मिनिटाच्या आत आले पाहिजे.

माहीत नसलेल्या प्रश्नाला दिलेले गोल उत्तर

पदवीच्या विषयातील मूलभूत प्रश्न विचारले गेले की अनेक उमेदवार शब्दांची पेरणी करून वेळ काढतात. मंडळात त्या विषयाचे जाणकार असण्याची शक्यता मोठी असल्याने हा प्रयत्न क्वचितच लपतो. येथे तीन अवस्था वेगळ्या ओळखाव्यात: मुळीच माहीत नाही, शिकलो होतो पण आठवत नाही, आणि आठवत नसले तरी तर्काने पोहोचता येईल. आपण कोणत्या अवस्थेत आहोत ते स्पष्ट सांगावे आणि तिसऱ्या अवस्थेत तर्क मोठ्याने मांडावा.

उदाहरणार्थ, वाणिज्य पदवीधराला विचारले जाते की व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत का घटते. सिद्धांत आठवला नाही तरी तो म्हणू शकतो की वर्षाअखेर १०७ रुपये देणारा रोखा १०० रुपयांना विकला जात होता. आता नवे रोखे ८ टक्के देत असतील, तर जुन्यासाठी कोणी १०० रुपये देणार नाही. खरेदीदार १०७ भागिले १.०८, म्हणजे सुमारे ९९ रुपयेच देईल. इतके पुरेसे आहे. दोन वाक्यांनंतर तर्क अडला, तर कुठे अडला ते सांगून थांबावे. बऱ्याचदा सदस्य स्वतः एक धागा देतात, आणि तो धागा उमेदवार कसा पकडतो याकडेही त्यांचे लक्ष असते.

गटचर्चेत बोलण्याच्या संख्येचा हिशेब

गटचर्चेतही कसोटी तीच असते; फरक इतकाच की उपप्रश्न मंडळाऐवजी इतर उमेदवारांकडून येतात. येथील मोठी चूक म्हणजे अधिक वेळा बोलल्याने अधिक गुण मिळतात असे समजणे. आठ जणांना १५ मिनिटे मिळाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ येतो. म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाच्या तीन-चार संधी. त्यांपैकी एक ठरावीक सुविचाराने चर्चा सुरू करण्यात आणि दुसरी आधीच आलेल्या मुद्द्याला दुजोरा देण्यात गेली, तर हाती फारसे उरत नाही.

समजा, विषय आहे ‘कंपन्यांनी घरून काम करण्याची मुभा बंद करावी का’. पहिल्या पाच मिनिटांत प्रवासाचा वेळ, कामावरील देखरेख आणि कुटुंब असे मुद्दे येतात आणि गट दोन बाजूंत विभागला जातो. या वेळी तिसऱ्या बाजूने आवाज चढवण्यापेक्षा असे बोलणे अधिक उपयोगी ठरते: “आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करत आहोत. अनुभवी कर्मचाऱ्याचे काम घरून किती होते हा एक प्रश्न आहे आणि नवा कर्मचारी काम कोणाकडून पाहून शिकतो हा दुसरा. देखरेखीचा जो मुद्दा मघाशी आला, तो मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाला लागू होतो. नव्यांसाठी नियम वेगळा असावा का, हे ठरवू या.” या हस्तक्षेपात ऐकल्याचा पुरावा आहे, विषयाची विभागणी आहे आणि गटासाठी पुढचे पाऊल आहे. असे बोलल्यानंतर पुढची चर्चा त्या विभागणीवर चालली, तर योगदान झाले. ती पूर्ववत सुरू राहिली, तर आपला मुद्दा पुरेसा ठोस नव्हता किंवा वेळ चुकली, असे समजावे.

गप्प बसलेल्या सदस्याला ‘तुम्हीही बोला’ असे म्हणण्याची शिफारस सर्रास केली जाते. ती व्यक्ती काही सांगण्याच्या बेतात असताना वाट मोकळी करून देणे योग्यच आहे. परंतु विषयाशी संबंध न जोडता एखाद्याचे केवळ नाव घेतल्यास ती व्यक्ती अडचणीत येते आणि आमंत्रण देणाऱ्याचा हेतूही उघडा पडतो.

गटचर्चेनंतर प्रत्येकाशी स्वतंत्र बोलण्याची पद्धतही आढळते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये पाच-सहा उमेदवारांची ३५ मिनिटांची गटचर्चा होते आणि तिला जोडून सुमारे १० मिनिटांची वैयक्तिक मुलाखत असते. अशा रचनेत चर्चेतल्या स्वतःच्या वागण्याविषयी प्रश्न आला, तर ‘चर्चा छान झाली’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या मुद्द्यामुळे आपले मत बदलले, तो कोणी मांडला होता आणि कोणत्या क्षणी आपण मध्ये बोलायला नको होते, हे सांगता आले पाहिजे. म्हणून सराव गटचर्चेनंतर लगेच कागद घेऊन इतर प्रत्येकाचा एक मुद्दा आठवून लिहावा. निम्म्या जणांचे मुद्दे आठवत नसतील, तर आपण चर्चेत पुढचे वाक्य जुळवण्यात गुंतलो होतो. पुढच्या सरावात पहिली तीन-चार मिनिटे केवळ मुद्दे टिपून घ्यावेत आणि पहिला हस्तक्षेप त्या टिपणांतील दोन मुद्दे जोडूनच करावा.